तीनदा ‘स्टूल नॉर्मल’, चौथ्यांदा क्रिप्टो. जंतू सापडूनही औषध नाही म्हणतात, खरं आहे का?

धायरीची_वहिनी · ६ जुलै, रात्री १०:४८

आयडी नवीन काढलाय, घरातली गोष्ट आहे म्हणून.

माझे धाकटे दीर, वय ३६, चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. एप्रिलच्या मध्यापासून जुलाब. आधी दिवसाला चार-पाच, मग दहा-बारा. रक्त नाही, आव नाही, ताप नाही, नुसतं पाणी. रात्री उठले की परत खोलीत यायचेच नाहीत, संडासाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसून राहायचे, कारण पाच मिनिटांत पुन्हा जावं लागायचं. वजन ६३ वरून ४८ वर आलं.

पहिल्या डॉक्टरांनी ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल दिलं, दुसऱ्यांनी मेट्रोनिडाझोलचा कोर्स, तिसरे म्हणाले आयबीएस आहे, कामाचं टेन्शन कमी करा. तीनदा स्टूल टेस्ट झाली आणि तिन्ही वेळा काही सापडलं नाही. दोन महिन्यांत एकानेही एचआयव्हीची तपासणी सुचवली नाही. जूनमध्ये चक्कर येऊन पडले, सलाईनला ॲडमिट केलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी तोंडातला पांढरा थर बघितला आणि रक्त पाठवलं. पॉझिटिव्ह. सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ४२.

१ जुलैपासून एआरटी म्हणजे एचआयव्हीचे औषधोपचार सुरू आहेत, सेंटरची टीएलडी गोळी, रोज रात्री एक. शिवाय सेप्ट्रान रोज एक. परवा शुक्रवारी चौथा स्टूल रिपोर्ट आला, त्यात क्रिप्टोस्पोरिडियम. मला तर हायसं वाटलं, चला, जंतू सापडला, आता औषध मिळेल. पण डॉक्टर म्हणाले की याच्यावर खात्रीचं असं वेगळं औषध नाही, एआरटी हेच औषध, धीर धरा. माझे यजमान तेव्हापासून चिडलेत, दुसरीकडे दाखवू म्हणतात.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. तीन वेळा रिपोर्ट नॉर्मल कसा आला? जंतू सापडूनही औषध नाही हे खरं का? आणि घरात माझी सात वर्षांची मुलगी आहे, सासूबाई आहेत, संडास एकच आहे, तर काय काळजी घ्यायची? सासूबाईंना फक्त आतड्याला सूज आहे एवढंच सांगितलंय.

---

कोथरूडचे_काका · ६ जुलै, रात्री ११:२०

ताई, औषध नाही असं कसं? निटाझोक्सानाइड आहे की. माझ्या नातवाला बावधनला हेच क्रिप्टो झालं होतं. तीन दिवस औषध दिलं, आठवड्यात पोरगं खेळायला लागलं. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकायला आजच सुरुवात करा, सिंहगड रोडला २०२५ च्या जानेवारीत जीबीएसच्या साथीच्या वेळी काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. सोबत कुटजारिष्ट चालू करा, पोटाला उत्तम.

---

स्लाइडवाली · ७ जुलै, सकाळी ७:०५

वहिनी, मी मायक्रोबायोलॉजीत आहे, स्टूलच्या स्लाइड बघण्यात वीस-बावीस वर्षं गेली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावरचंच आहे, म्हणून आधी ते.

नेहमीच्या स्टूल टेस्टमध्ये आम्ही दोन थेंब घेतो. एकात सलाईन, दुसऱ्यात आयोडीन. त्यावर काचेचा तुकडा ठेवला की झालं. त्यात जंतांची अंडी दिसतात, जिआर्डिया दिसतो, अमिबा दिसतो. क्रिप्टोचं ऊसिस्ट, म्हणजे मलातून बाहेर पडणारं त्याचं बीज, मात्र चार ते सहा मायक्रॉनचं असतं, रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. सलाईनमध्ये ते एक चमकदार गोल बुडबुडा दिसतं, आणि तसे बुडबुडे, तसं यीस्ट प्रत्येक नमुन्यात शेकड्यांनी असतं. दिवसाला ऐंशी नमुने बघणारा तंत्रज्ञ त्यावरून पुढे जातो. त्याची चूक म्हणता येणार नाही, त्याला ते शोधायला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते शोधायचं तर वेगळा रंग द्यावा लागतो. टीबीच्या थुंकीला देतात त्याच जातीचा, फक्त आम्ल सौम्य. काचेवर मल पातळ पसरून वाळवायचा, कार्बॉल फुक्सिनचा लाल रंग द्यायचा, मग पातळ आम्लाने धुवायचा आणि शेवटी निळा किंवा हिरवा रंग. बाकी सगळं, यीस्टसुद्धा, लाल रंग सोडून निळं होतं. क्रिप्टो लाल धरून ठेवतो. निळ्या शेतात डाळिंबाचे दाणे सांडावेत तसे दिसतात. एकदा बघितले की विसरत नाही माणूस. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘मॉडिफाइड ॲसिड-फास्ट’ असं लिहिलेलं नसेल तर लॅब हा रंग देत नाही. शिवाय हे जंतू रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागतात. तुमचे पहिले तीन रिपोर्ट खोटे नव्हते. ते दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरं होती.

आता एक काम करा. रिपोर्टवर आकार लिहिलाय का बघा. याच रंगात आणखी एक परजीवी लाल होतो, सिस्टोआयसोस्पोरा. तो लांबट, होडीसारखा, पंचवीस-तीस मायक्रॉनचा. आपल्याकडे एचआयव्हीत तो भरपूर सापडतो. तो असेल तर बातमी चांगली, कारण तो सेप्ट्रानच्या मोठ्या डोसने दहा दिवसांत हटतो. क्रिप्टोवर सेप्ट्रान चालत नाही. घाईत बघणाऱ्याने नुसतं ‘लाल दिसलं’ म्हणून नाव लिहिलं असेल तर खात्री करून घेतलेली बरी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहिते, ते दोन ओळींत होणारं नाही.

---

मनीमाऊ · ७ जुलै, सकाळी ९:४१

बापरे. मी पाचव्या महिन्यात आहे आणि घरात दोन मांजरं आहेत. सासरचे म्हणतात मांजरामुळे हा आजार होतो, देऊन टाका. तुमच्या दिरांकडे मांजर होतं का?

---

धायरीची_वहिनी · ७ जुलै, सकाळी १०:१५

नाही हो, मांजर नाही. रिपोर्ट काढून बघितला. ‘गोल, ४ ते ५ मायक्रॉन’ असं लिहिलंय. म्हणजे क्रिप्टोच.

---

स्लाइडवाली · ७ जुलै, रात्री ९:३०

हो, मग क्रिप्टोच.

मनीमाऊ, तुम्ही ऐकलंय ते टोक्सोप्लाझ्मा, त्याचा मांजराशी संबंध. इथला विषय तो नाही, पण तुम्हाला काळजी लागली म्हणून सांगते. मांजरं देऊन टाकू नका. विष्ठेची वाळू तुम्ही स्वतः साफ करू नका, घरातल्या दुसऱ्या कुणी रोजच्या रोज करावी. मांजराच्या विष्ठेतला टोक्सो बाहेर पडल्या पडल्या लागत नाही, तयार व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता वहिनींचा दुसरा प्रश्न. काकांचा नातू आठवड्यात बरा झाला आणि तुमचे दीर तीन महिने जागचे हलले नाहीत. जंतू तोच, मग फरक कुठे?

क्रिप्टो लहान आतड्याच्या पेशीच्या अगदी काठावर घर करतो. पेशीच्या पडद्याखाली, पण पेशीच्या गाभ्याबाहेर, भिंत आणि गिलावा यांच्या मधल्या फटीत बसावं तसा. रक्तातून येणारं औषध तिथे नीट पोचत नाही आणि आतड्यातून जाणारं औषधही त्या पडद्यापलीकडे थांबतं. तिथे बसून तो वाढतो आणि दोन प्रकारची बीजं तयार करतो. जाड कवचाची बाहेर पडतात, ती मी स्लाइडवर बघते. थोडी मात्र पातळ कवचाची असतात. ती बाहेर पडतच नाहीत, आतड्यातच फुटतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. म्हणजे पाणी एकदाच बाधलं तरी पुढची पेरणी घरच्या बियाण्यावर चालू राहते. म्हणूनच ‘आता तर उकळलेलं पाणी पितात, तरी थांबत का नाही’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात.

निरोगी माणसात हे चक्र एक-दोन आठवड्यांत तुटतं, आणि ते तोडतात सीडी-फोर पेशी. त्या स्वतः जंतू गिळत नाहीत, त्या निरोप देतात. त्या निरोपाचं नाव इंटरफेरॉन गॅमा. तो आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचला की जंतू बसलेली पेशीच चवताळते आणि आतल्याला संपवते. एचआयव्ही नेमका या पेशींना मारतो, आणि आतड्याच्या भिंतीतल्या सीडी-फोर तर अगदी सुरुवातीलाच जातात, रक्तातला आकडा बरा दिसत असतानाही. आकडा शंभरच्या खाली गेला की क्रिप्टो मुक्काम ठोकतो. पन्नासच्या खाली असेल तर कॉलऱ्यासारखे जुलाब होऊ शकतात. तुमच्या दिरांचे ४२ आहेत.

काका, तुमच्या नातवाचे सैनिक जागेवर होते. निटाझोक्सानाइडने त्याला हातभार लावला, कदाचित दोन दिवस आधी बरा केला. एचआयव्ही असलेल्या, एआरटी न घेणाऱ्या रुग्णांत हेच औषध आणि औषध नसलेली नुसती गोळी अशी तुलना झालेली आहे आणि फरक पडलेला नाही. काही डॉक्टर एआरटीच्या जोडीला ते देतात, देऊ द्या. पण एआरटीऐवजी नाही. वहिनी, तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला टाळलेलं नाही, खरं तेच सांगितलंय.

---

कोथरूडचे_काका · ७ जुलै, रात्री १०:०२

हे मला माहीत नव्हतं. नातवाच्या अनुभवावरून बोललो. पण क्लोरीनचं तरी बरोबर ना?

---

स्लाइडवाली · ७ जुलै, रात्री १०:२६

बाकी बऱ्याच जंतूंसाठी बरोबर, याच्यासाठी नाही. पिण्याच्या पाण्यात जेवढं क्लोरीन चालतं तेवढ्यात हा आरामात जगतो. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातूनच तो पसरला, चार लाखांच्या आसपास लोक आजारी पडले. धडधाकट होते ते बरे झाले. जे दगावले त्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते.

पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की मरतो. एवढंच करा, ते सगळ्यात खात्रीचं. आरओही अडवतो, पण फिल्टर वेळेवर बदललेला हवा. हाताला सॅनिटायझर लावून उपयोग नाही, त्याने मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, घासून, म्हणजे तो धुऊन जातो. संडासात ॲसिड-फिनाईल टाकून निर्धास्त होऊ नका. आधी भरपूर पाण्याने नीट धुवा, खराब कपडे वेगळे आणि गरम पाण्यात. हा बाहेर पडल्या क्षणापासूनच लागू शकतो आणि दहा-वीस बीजंही पुरतात. मुलीला जुलाब झाले तर तिच्या डॉक्टरांना हे नाव सांगा. सासूबाईंना काय सांगायचं तो तुमचा आणि दिरांचा निर्णय, पण हात धुण्याबद्दल सांगायला आजाराचं नाव लागत नाही.

कुटजारिष्टाबद्दल मी काही सांगू शकत नाही. काहीही सुरू करायचं तर एआरटीच्या डॉक्टरांना दाखवून.

---

टँकरग्रस्त · ८ जुलै, दुपारी १:१०

म्हणजे हे पाण्यातूनच आलं हे नक्की ना? आमच्या सोसायटीत रोज सहा टँकर येतात. कुठल्या विहिरीतून भरतात देव जाणे. वहिनी, तुमच्याकडे टँकर आहे का? असेल तर तक्रार करायला हवी.

---

धायरीची_वहिनी · ८ जुलै, दुपारी ३:३५

टँकर आमच्याकडेही येतो. पण आम्ही पाच जण तेच पाणी पितो आणि कुणाला काही नाही. भाऊजी कंपनीच्या कँटीनमध्ये जेवतात, आणि मार्चमध्ये गावी गेले होते, तिथे गोठा आहे, वासरं आहेत.

---

स्लाइडवाली · ८ जुलै, रात्री ८:४४

तिन्हींपैकी कुठूनही असू शकतं. वासरांना होणारी क्रिप्टोची एक जात माणसालाही लागते. आणि तुम्हा पाच जणांना काही झालं नाही याचा अर्थ पाणी स्वच्छ होतं असाही नाही. एखाद्याला दोन दिवस पोट बिघडून गेलं असेल आणि कुणी लक्षही दिलं नसेल.

---

अनिकेत_पिंपरी · ९ जुलै, रात्री १२:१५

वहिनी, मी २०१६ पासून पॉझिटिव्ह आहे. माझं पोटाचं नव्हतं, डोक्याचं होतं. तरी लिहितो, कारण वर स्लाइडवाली ताईंनी तो ‘निरोप’ म्हणून लिहिलंय ते वाचताना अंगावर काटा आला. मला कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

तेव्हा मला एचआयव्ही आहे हे माहीतच नव्हतं. दोन आठवडे डोकं दुखत होतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटलं. मग एक दिवस सकाळी शर्टाची बटणं लागेनात. डावा हात बटणापर्यंत जायचा आणि तिथे नुसता फिरत राहायचा. त्याच आठवड्यात बसस्टॉपवर फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत चार-पाच गोल कडी दिसली, भोवती सूज. पहिले डॉक्टर म्हणाले टीबीच्या गाठी. मग एचआयव्ही निघाला, सीडी-फोर ३१, आणि रक्तात टोक्सोची आयजीजी, म्हणजे जुन्या संसर्गाची खूण, पॉझिटिव्ह.

आमचं घर वारकरी. मी आयुष्यात मांस खाल्लेलं नाही, मांजर पाळलेलं नाही. आई सारखी विचारायची, हे आलं कुठून. डॉक्टर म्हणाले, लहानपणी कधीतरी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून आलं असेल आणि तेव्हापासून मेंदूत झोपून होतं.

त्यांनी मेंदूचा तुकडा काढला नाही. मोठ्या डोसचं सेप्ट्रान सुरू केलं आणि म्हणाले, दोन आठवडे बघू, टोक्सो असेल तर हातच सांगेल. नाही सांगितलं तर मग बायोप्सी. दहाव्या दिवशी मी वरची दोन बटणं स्वतः लावली. सहा आठवडे पूर्ण डोस, मग रोजची छोटी गोळी. एआरटी साधारण दोन आठवड्यांनी सुरू केली.

सांगायचं एवढंच की पहिला महिना वाटतं काहीच होत नाहीये. होत असतं.

---

स्लाइडवाली · ९ जुलै, सकाळी ६:५०

अनिकेत, बटणांचं लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

तुमच्या मेंदूत तेच झालं जे वहिनींच्या दिरांच्या आतड्यात झालं. टोक्सो एकदा शरीरात शिरला की मेंदूत आणि स्नायूंत गाठोडं बांधून झोपतो आणि आयुष्यभर तिथेच असतो. भरपूर धडधाकट लोकांत असतो, त्यांना पत्ताही नसतो. त्याला झोपवून ठेवतो तोही इंटरफेरॉन गॅमाचाच निरोप. सीडी-फोर शंभरच्या खाली गेले, निरोप थांबला, गाठोडं सुटलं. म्हणून एड्समधला टोक्सो बहुतेक वेळा नवा संसर्ग नसतो, जुनाच जागा झालेला असतो. आयजीजी निगेटिव्ह असती तर डॉक्टरांनी टोक्सोवर इतका भरवसा टाकला नसता.

एक फरक मात्र मोठा आहे. टोक्सोवर औषध आहे. आणि ज्यांची आयजीजी पॉझिटिव्ह आणि सीडी-फोर कमी, त्यांच्यात तो जागा होऊ नये म्हणून सेप्ट्रानची रोजची एक गोळी काम करते. वहिनी, तुमच्या दिरांना सेप्ट्रान क्रिप्टोसाठी नाही दिलेलं, टोक्सो, न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया आणि त्या होडीसारख्या जंतूसाठी दिलंय. जुलाब थांबत नाहीत म्हणून ‘हिचा उपयोग नाही’ असं समजून ती बंद करू नका. असं करून फिट येऊन आलेले रुग्ण आम्ही बघितलेत.

---

औषधवाला_हडपसर · ९ जुलै, सकाळी ११:२८

माझं मेडिकल आहे. वहिनी, जुलाबासाठी झिंक दिलंय का? कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध?

---

धायरीची_वहिनी · ९ जुलै, दुपारी १२:०५

हो. झिंक आणि कॅल्शियम. आणि जळजळ होते म्हणून ते गुलाबी पातळ औषध. सगळं रात्री जेवल्यावर एकदम घेतात, विसरायला नको म्हणून. टीएलडीसोबतच.

---

औषधवाला_हडपसर · ९ जुलै, दुपारी १२:१४

तिथेच घोळ आहे. टीएलडीतलं डोलुटेग्राव्हिर या धातूंना चिकटतं आणि रक्तात कमी शिरतं. ॲसिडिटीच्या औषधातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम सगळ्यात वाईट. टीएलडी आधी घ्यायची आणि ही औषधं त्यानंतर किमान दोन तासांनी. किंवा ती आधी घेतली तर टीएलडी सहा तासांनी. सोपं म्हणजे टीएलडी रात्री, बाकी सगळं सकाळी नाश्त्याला. आजच सेंटरवर फोन करून विचारून घ्या. ज्या गोळीवर सगळा भार आहे तीच अर्धी जाऊ नये.

---

धायरीची_वहिनी · ९ जुलै, रात्री ९:१७

सेंटरच्या समुपदेशक ताईंना फोन केला, त्यांनीही हेच सांगितलं. भाऊजींनी मोबाइलवर दोन अलार्म लावलेत. पण एक शंका. दिवसाला दहा वेळा जातात, मग गोळी तरी अंगी लागते का? यजमान म्हणतात सगळं वाहूनच जातंय.

---

स्लाइडवाली · ९ जुलै, रात्री १०:४०

ही शंका रास्त आहे. खराब झालेल्या आतड्यातून औषध कमी शोषलं जाऊ शकतं, पण ‘सगळं वाहून जातं’ असं नाही, याच अवस्थेत एआरटी सुरू करून माणसं बरी झालेली आहेत. उत्तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, देईल. तोवर पाणी सांभाळा. ओआरएस दर जुलाबामागे एक पेला, थोडं थोडं. भाताची पेज मीठ घालून, मऊ खिचडी, केळं. दूध काही दिवस बंद, कारण दूध पचवणारं अस्तरच झडलेलं असतं. ताक बहुतेकांना चालतं. लघवी गडद झाली किंवा कमी झाली तर घरी थांबू नका, सलाईन लागेल. लोपरामाइड डॉक्टरांना विचारून घ्या, रात्रीची झोप तरी मिळेल.

---

धायरीची_वहिनी · १७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०२

बरेच जण मेसेजमध्ये विचारत होते. आज एआरटीला सात आठवडे होत आले.

पहिले तीन आठवडे काही म्हणजे काही फरक नव्हता. एकदा सलाईनला न्यावं लागलं. यजमान रोज म्हणायचे डॉक्टर बदलू. चौथ्या आठवड्यात एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर भिंतीपाशी कुणी नव्हतं. घाबरून खोलीत डोकावले, तर भाऊजी गाढ झोपले होते. आता दिवसाला तीन-चार वेळा, आणि पाणी नाही, पातळ. वजन ५१.५. परवा स्वतःहून पिठलं-भाकरी मागितली. मुलगी आणि सासूबाई ठीक आहेत.

---

अनिकेत_पिंपरी · १७ ऑगस्ट, रात्री ८:३०

भिंतीपाशी कुणी नव्हतं, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. सेप्ट्रान चालू आहे ना? मी सात-आठ महिन्यांनी स्वतःच बंद केली होती, बरं वाटतंय म्हणून. सेंटरच्या डॉक्टरांनी चांगलं झापलं. सीडी-फोर दोनदा साडेतीनशेच्या वर आल्याशिवाय ते बंद करत नाहीत.

---

स्लाइडवाली · १७ ऑगस्ट, रात्री ९:१२

सीडी-फोर शंभरपलीकडे गेले की बहुतेकांचे जुलाब थांबतात, त्यामुळे ही वाट बरोबर आहे. जुलाब थांबले तरी उकळलेलं पाणी चालूच ठेवा, आकडा वर आलेला कागदावर दिसेपर्यंत. एक विचारते. पोटात उजवीकडे, बरगडीखाली दुखतं का? यकृताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज किती आहे?

---

धायरीची_वहिनी · १८ ऑगस्ट, सकाळी १०:३३

दुखतं. जेवल्यावर जास्त. ॲसिडिटी समजत होतो. जुलैच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फेटेज ३८० आहे, बिलीरुबिन नॉर्मल. का विचारलंत?

---

स्लाइडवाली · १८ ऑगस्ट, दुपारी १:५०

सीडी-फोर पन्नासच्या खाली असताना क्रिप्टो कधीकधी आतड्यातून पित्ताच्या नळीत चढतो. नळी सुजते, अरुंद होते. कावीळ बऱ्याचदा होत नाही, म्हणून बिलीरुबिन नॉर्मल बघून लोक निश्चिंत होतात. फक्त हा एक आकडा वाढतो आणि उजवीकडे दुखतं. आकडा इतर कारणांनीही वाढतो, टीबीनेही वाढतो, त्यामुळे मी इथून नाव ठरवत नाही. पण रिपोर्ट घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि दुखणं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. सोनोग्राफी आधी होईल.

---

धायरीची_वहिनी · २३ ऑगस्ट, रात्री ११:०९

सोनोग्राफी झाली. पित्ताची मुख्य नळी थोडी फुगलेली आहे, खडे नाहीत. अल्कलाइन फॉस्फेटेज पुन्हा केलं, ३१० आलं. डॉक्टर म्हणाले उतरतंय ही जमेची बाजू. एमआरसीपी म्हणजे पित्ताच्या नळीचा एमआरआय करू, नळी खालच्या टोकाला आवळलेली असेल तर दुर्बिणीतून मोकळी करावी लागेल, नसेल तर एआरटीवरच सोडू. तारीख मंगळवारची मिळाली आहे. यजमानांनी रजा टाकलीय, यावेळी तेच सोबत जाणार आहेत.